घंगाळातला तवंग

अंडी फोडणं म्हणजे काय मोठं काम, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा सकाळी सहा वाजता देवळाली कॅम्पात होमीशेठच्या बेकरीत यायला हवं होतं. आता ती बेकरीही नाही आणि शेठही नाहीत. पण एकोणऐंशी साली तिथं मागच्या पडवीत यशोदाबाई पाटावर बसायची आणि बघता बघता डझनावारी अंडी फोडून पांढरं एका बादलीत आणि बलक दुसऱ्या पातेल्यात वेगळा करायची. अकरा वर्षं हेच काम. अकरा वर्षांत तिच्या बादलीत बलकाचा एक ठिपका गेला नव्हता. हे कुणी ऐऱ्यागैऱ्यानं सांगितलेलं नाही, खुद्द मल्हारी मिस्त्री, बेकरीचा मुख्य कारागीर, सांगायचा, आणि मिस्त्री म्हणजे कुणाचं चांगलं बोलायचं म्हटलं की तोंड वाकडं करणारा माणूस.

तिची पद्धत साधी होती. प्रत्येक अंडं आधी कपात. कपातलं नीट बघायचं, वास घ्यायचा, आणि मगच बादलीत. एखाद्या अंड्याचा बलक फुटला तर तो कप बाजूला, आम्लेटाला. सगळी अंडी फोडून झाली की बादलीतलं पांढरं डावानं एकदा खालपासून हलवून घ्यायचं. एवढं केलं की बादली मिस्त्रीकडे जायची.

मिस्त्री त्या पांढऱ्याची मेरिंग करायचा. मेरिंग म्हणजे निव्वळ फेस आणि साखर यांची बिस्किटं, पांढरीशुभ्र, तोंडात टाकली की विरघळून जाणारी. कॅम्पातल्या साहेब लोकांना ती लागत, आणि सॅनेटोरियमात हवापालटाला येणाऱ्या पारशी मंडळींना तर फारच. ती फेटायला मिस्त्रीकडे तांब्याचं एक घंगाळ होतं, बिनकल्हईचं. फेटायच्या आधी ते मीठ आणि लिंबाच्या सालीनं घासायचं, कढत पाण्यानं धुवायचं आणि कोऱ्या फडक्यानं कोरडं करायचं. ते दुसऱ्या कशालाच वापरायचं नाही. तुपाच्या हातानं त्याला शिवायचंसुद्धा नाही. त्या घंगाळाचं सोवळं एखाद्या देवघरासारखं होतं.

हे असं का, ते यशोदाबाईला समजावून सांगितलं ते माईजींनी. माईजी म्हणजे होमीशेठची आई. लग्नाआधी मुंबईला एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. बेकरीच्या मागंच बंगला, आणि म्हातारीला बलक वर्ज्य, म्हणून यशोदाबाई रोज हलवलेल्या बादलीतलं एक कपभर पांढरं त्यांच्या आम्लेटासाठी नेऊन द्यायची. एक दिवस तिनं विचारलं, "माईजी, पांढऱ्याचा फेस होतो, मग बलकाचा का नाय होत?" म्हातारी खुलली. अशा प्रश्नाची ती वीस वर्षं वाटच बघत असावी.

"अरे, पांढऱ्यात काय असते? पाणी, आणि त्या पाण्यात बारीक बारीक धागे, गुंडाळी करून झोपलेले. फेटणीनं हवा आत जाते आणि मार खाऊन त्या गुंडाळ्या सुटतात. सुटलेले धागे हवेच्या बुडबुड्याभोवती जमतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. तुम्ही बायका फेर धरता ना, तसे. म्हणून बुडबुडा फुटत नाही. आता मध्ये तूप आलं, तेल आलं, तर ते धाग्यांच्या आधी बुडबुड्याला जाऊन चिकटते. त्याला धरता तर येत नाही, आणि धरणाऱ्याला जागा पण देत नाही. झाला फेर मोडला! बलकात तर चरबीच चरबी, म्हणून त्याचा एक थेंब पण वाईट."

"आणि साखर?"

"साखर दुश्मन नाही. ती पाणी पकडून घट्ट करते. आधीच टाकली तर फेस यायला लई वेळ लागते आणि फुगते कमी. अर्धा फेस झाल्यावर थोडी थोडी टाकली तर तोच फेस चकचकीत होते आणि पडत नाही."

यशोदाबाईनं ते सगळं डोक्यात ठेवलं, आणि पुढं झुंबरला शिकवलं.

झुंबर भगूरची. घरचा भाजीपाल्याचा मळा, पण वाटण्या झाल्या आणि हिच्या नवऱ्याच्या वाट्याला विहिरीपासून लांबचा तुकडा आला. कामासाठी ती दारोदार फिरत होती तेव्हा यशोदाबाईनंच शेठकडे शब्द टाकला. "बाई चांगली हाय, माझी जबाबदारी," असं म्हणाली. अशी जबाबदारी घेणं सोपं नसतं, पण घेतली.

पहिल्या दिवशी यशोदाबाईनं तिला माठातलं पाणी दिलं, स्टीलच्या पेल्यात. झुंबरनं पेला घेतला, नळापाशी गेली, पाणी ओतून दिलं, पेला पुन्हा विसळला आणि मग स्वतः भरून प्याली. तिला वाटलं कुणी बघितलं नाही. यशोदाबाईनं बघितलं होतं. ती देवळाली गावातल्या बौद्धवाड्यातली, असले पेले तिनं लहानपणापासून बघितलेले. कपातलं अंडं बघत राहिली.

पण माणूस बदलतं, आणि झुंबर बदलली, हे खरं आहे. सहा महिन्यांत पेला विसळणं बंद झालं. वर्षभरात दोघींचे डबे एकत्र उघडायला लागले. झुंबरच्या मळ्यातली मेथी, यशोदाबाईची बोंबलाची चटणी. "अक्का, तुझ्या चटणीपायी माझी तुळशीची माळ तुटायची बाकी राह्यली," असं झुंबर म्हणायची, आणि दोघी हसायच्या. यशोदाबाईला सख्खी बहीण नव्हती. ती मनातल्या मनात म्हणायची, आता आहे.

आणि काम तर तिनं हात धरून शिकवलं. कप कसा धरायचा, फडकी कशी वेगळी ठेवायची, घंगाळ कसं घासायचं. एकदा झुंबरनं विचारलं होतं, "अक्का, फेस नाय आला तर दोष बलकाचा का भांड्याचा, ते कसं कळायचं? तूप काय अन् बलक काय, दोन्हीनं सारखंच बिघडतंय."

"फेसाकडं बघून नाय कळत," यशोदाबाई म्हणाली. "पण बादलीत उरलेलं असतंय ना? सगळं एकत्र हलवलेलं. ते दुसऱ्या स्वच्छ भांड्यात फेटायचं. आलं वर, तर भांडं दोषी. नाय आलं, तर मी दोषी. एका बादलीतलं पांढरं खोटं बोलत नाय."

झुंबरनं मान डोलावली. पोरगी हुशार होती, एकदा सांगितलेलं विसरायची नाही.

तो शनिवार होता. संध्याकाळी सॅनेटोरियमच्या हॉलमध्ये एका मोठ्या घरची नवजोत, म्हणजे पारशांची मुंज, आणि तीनशे मेरिंगची ऑर्डर. मेरिंगला भाजायची भट्टी नको असते, निवत आलेली भट्टी लागते. सकाळचे पाव निघाले की तीन-चार तास भट्टीला जी मंद ऊब राहते, तिच्यात ती सावकाश वाळतात. ती वेळ हुकली की हुकली.

यशोदाबाईनं चाळीस अंडी फोडली, वर माईजींसाठी दोन. बादली हलवली. त्यातलं कपभर पांढरं बंगल्यात नेऊन दिलं, आणि येताना अंड्यांची रिकामी खोकी मागं ठेवायला गेली. घंगाळ झुंबरनं घासून आणून ठेवलेलं होतं, आरशासारखं लखलखत होतं. मिस्त्रीनं निम्मं पांढरं त्यात ओतलं, कारण त्याच्यात एका वेळी तेवढंच मावायचं, आणि तारेची फेटणी हातात घेतली.

आधी साबणासारखे मोठमोठे बुडबुडे आले. ते येतातच. मग ते बारीक व्हायला हवेत, पांढरे व्हायला हवेत, फेटणी जड लागायला हवी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बुडबुडे यायचे आणि फट् फट् फुटायचे, तळाला पाणी तसंच. मिस्त्रीच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यानं हात बदलला, शिव्या घातल्या, पुन्हा फेटलं. भट्टी तिकडं निवत होती.

होमीशेठ आले. "काय झाला? साखर पहिले टाकली काय?"

"साखरेचा अजून कणही नाही पडलेला," मिस्त्री ओरडला. "आणि साखर आधी पडली तर फेस उशिरा येतो, शेठ, पण येतो! हा येतच नाही. ह्याच्यात बलक गेलाय."

बलक गेलाय म्हटलं की सगळे यशोदाबाईकडे वळले.

"नाय गेला," ती म्हणाली. "कप-कप बघून टाकलंय मी. मिस्त्री, तुम्ही मला वळखत नाय का?"

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं नाही. दोष बलकाचा नाही तर मग कुणाचा, घंगाळाचा की फेटणाऱ्याचा, हा प्रश्न त्याला नको होता. तेवढ्यात झुंबर पुढं आली. पदराशी चाळा करत, खाली मान घालून म्हणाली, "मी बघितला पिवळा धागा. बादलीत. मला वाटलं, अक्काला दिसला असंल."

यशोदाबाईला आधी कळलंच नाही काय ऐकलं ते. मग कळलं.

"झुंबर, काय बोलतीस गं?"

झुंबर दोन पावलं मागं सरकली.

"बरं, बरं. उरलेलं पांढरं हाय ना बादलीत? आणा ते. परातीत फेटून दाखवते. आत्ता, सगळ्यांसमोर."

बादली मोरीपाशी पालथी होती, धुतलेली.

"खराबच होतं ना," झुंबर पुटपुटली. "म्हणून वतलं."

आता दुसऱ्या कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. खराब होतं, ओतलं, संपलं. पण यशोदाबाई त्या पालथ्या बादलीकडे बघत उभी राहिली. फेस बिघडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. दोष कुणाचा ते ठरायच्या आधी बादली धुऊन मोकळी झाली होती. आणि बादलीतलं पांढरं साक्ष देतं, हे त्या अख्ख्या बेकरीत दोघींनाच माहीत होतं.

शेठनं चौकशी केली नाही. अकरा वर्षं काम केलेल्या बाईला दोन वाक्यंसुद्धा बोलू दिलं नाही. तीनशे मेरिंग गेली, अंडी संपली, भट्टी निवली, आता नवजोतवाल्यांना काय तोंड दाखवू, असं ओरडत त्यांनी दाराकडे हात केला. "जा बाई, जा! उद्यापासून येऊ नको!" मिस्त्री घंगाळातलं पाणी मोरीत ओतत होता. त्यानं मान वर केली नाही. रागानं त्यानं रिकामं घंगाळ न धुताच खुंटीला अडकवून टाकलं.

यशोदाबाई घरी आली. घरात सासू, विठाबाई, डोळ्यांनी अधू पण कानांनी तिखट. सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारीनं हळूच विचारलं, "चुकलं तर नसंल ना गं, एखादं? माणूसच हाय."

हा प्रश्न यशोदाबाईला झुंबरच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागला, कारण तो तिच्याही पोटात होता. चाळीस अंडी. बोलता बोलता एखादा कप न बघता गेला असेल का? तिनं घरातली तीन अंडी घेतली. एकाचं पांढरं स्वच्छ वाडग्यात फेटलं, ते दहीवड्यावरच्या दह्यासारखं दाट वर आलं. दुसऱ्यात काडीच्या टोकावर मावेल एवढा बलक टाकला. तिसऱ्याच्या वाडग्याला आतून डालड्याचं बोट पुसलं. दंड दुखेपर्यंत फेटूनही दोन्हींचा तसाच सैल, फुटका फेस झाला. डोळ्यांनी बघून कुणी सांगू शकलं नसतं, हा बलकाचा आणि हा डालड्याचा. म्हणजे फेसावरून ना तिला सुटका होती, ना झुंबरला शिक्षा.

ती त्या दोन वाडग्यांपुढं बसून ढसाढसा रडली. नोकरी गेली म्हणून नाही. नोकरी गेली तर माणूस दुसरी बघतं. पण कॅम्पात बेकऱ्या मोजून चार, आणि दुपारपर्यंत बाजारात भाजीवाल्यांपर्यंत पोचलं होतं की यशोदाबाईच्या हातून बलक सांडला, शेठची ऑर्डर बुडाली. तिच्याकडे तो हात होता, तेवढंच होतं. तो हात तिच्या बहिणीनं सगळ्यांसमोर खोटा पाडला होता.

रविवारी सकाळी चहाचं पाणी ठेवताना तिचा हात थांबला.

माईजींचा कप!

तो कप त्याच बादलीतला होता, हलवल्यानंतरचा. पण माईजींनी तो खाल्ला असणार, असं म्हणून ती खाली बसली, आणि तितक्याच चटकन उठली. काल नवजोत होती. माईजी काल जेवल्या असतील तर तिथं.

देवळाली गावापासून कॅम्पापर्यंतचा रस्ता ती अशी चालली की वाटेत दोघांनी विचारलं, कुणी आजारी आहे का. बंगल्याच्या मागच्या दारात माईजी स्वतः उभ्या होत्या.

"कप हाय का माईजी? कालचा?"

"फ्रिजमध्ये. काल घरी कोण जेवला? का गं, तुझा चेहरा असा काय?"

तिनं सगळं सांगितलं. झुंबरचं नाव घेताना तिचा आवाज फुटला. माईजींनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "तू हात नको लावू. कप मी नेते. नाहीतर म्हणतील, तूच बदलला." शिक्षिका ती शिक्षिकाच.

बेकरीत रविवारी काम अर्धंच असायचं. माईजी काठी टेकत आल्या तसे शेठ गल्ल्यावरून उठले. मिस्त्री आणि झुंबर आतून आले. यशोदाबाईला बघून झुंबरचा हात दाराच्या चौकटीवर गेला. माईजींनी काचेचं भांडं मागवलं, स्वतः कढत पाण्यानं धुतलं, स्वतः पुसलं. कप थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायला लावला, कारण गार पांढरं लवकर उठत नाही. मग कप भांड्यात उलटा करून फेटणी यशोदाबाईच्या हातात दिली.

आधी मोठे बुडबुडे आले. खरंच, एक ठिपका गेला असेल तर? तो आता, इथं, सगळ्यांसमोर बोलेल. ती फेटत राहिली. बुडबुडे बारीक झाले. पाणी दिसेनासं झालं. फेटणीची वाट फेसात उमटायला लागली, आणि तिच्या मनगटाला तो ओळखीचा जडपणा लागला. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं तोंड वळवलं, फेसात थेंब पडू नये म्हणून. मग तिनं साखर मागितली. चमचा चमचा टाकत गेली, आणि पांढरा फेस चकाकायला लागला. फेटणी उचलली तर टोक तसंच उभं.

तिनं भांडं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर उलटं धरलं. एक थेंब पडला नाही.

"बघितला, होमी?" माईजी म्हणाल्या. "हा त्याच बादलीतला. कालपासून माझ्या घरात. बलक असता तर असा झाला असता?"

मिस्त्रीनं ओठ चाटले. "मग माझा हात बिघडला म्हणायचं का?"

"तुमचा हात नाय बिघडला," यशोदाबाई म्हणाली. "ते घंगाळ काढा खाली. आणि उकळतं पाणी आणा."

घंगाळ कालचं तसंच खुंटीला होतं. मिस्त्रीनं स्वतः पाणी ओतलं. सगळे वाकून बघायला लागले. क्षणभर नुसती वाफ. मग पाण्यावर एक एक करून बारीक गोल डोळे जमले, एकमेकांत मिसळले, आणि उजेडात तवंग चकाकला.

"डालडा," मिस्त्री म्हणाला. मग सावकाश मागं वळला. "झुंबर, काल नानकटाईचा डालडा तू कशात फेसलास?"

झुंबर मटकन खाली बसली. मोठ्या परातीत टुटीफ्रुटी भिजत होती, उशीर झालेला, म्हणून घाईत घंगाळ घेतलं. मग गार पाण्यानं धुतलं, वरून लिंबानं घासलं. चकाकत होतं म्हणून वाटलं, निघालं असेल. हे सगळं ती हुंदके देत सांगत होती आणि यशोदाबाईकडे बघत होती, दुसऱ्या कुणाकडेच नाही.

"अक्का, मला मागल्या महिन्यात शेठनी सांगितलं व्हतं, अजून एक चूक झाली तर घरी. माझा टिकाव नसता लागला गं. तुझं नाव मोठं. मला वाटलं, तुला दोन दिसांत परत बोलावतील. तुला माफ करतील, मला नसतं केलं."

खरं सांगायचं तर यशोदाबाई इथं विरघळली होती. घाईत भांडं चुकतं, भीतीनं तोंडून खोटं निघतं, हे तिला समजत होतं. तिनं अशी भीती आयुष्यभर बघितली होती. ती दोन पावलं पुढंही गेली. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला पुढं जाता येईना.

"घंगाळ चुकलं, ते चुकलं. घाबरून बोललीस, ते बी सोड. पण बादलीतलं पांढरं का वतलंस, झुंबर?"

झुंबरचं रडणं थांबलं.

"बोल की."

"तूच सांगितलं व्हतंस ना," झुंबर म्हणाली, इतक्या हळू की माईजींना ऐकू आलं नसेल. "ते खोटं बोलत नाय म्हणून."

यशोदाबाईनं पुढं टाकलेली दोन पावलं मागं घेतली.

शेठनं घसा साफ केला. माफी वगैरे शब्द त्यांना जमले नाहीत. "यसोदा, तू उद्यापासून ये," एवढंच म्हणाले. "आणि हिला तूच आणली होती. ठेवायची की काढायची, तू सांग."

झुंबर तिच्याकडे बघत होती. मिस्त्रीही बघत होता. यशोदाबाईला एकदम त्या विहिरीपासून लांबच्या तुकड्याची आठवण आली, आणि मेथीची, आणि माळेवरून झालेल्या हसण्याची. तिला स्वतःचाच राग आला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिच्या पोटावर पाय द्यायला मी झुंबर नाय."

सोमवारी ती नेहमीसारखी सहाला पाटावर बसली. दुपारच्या सुट्टीत झुंबरनं डबा उघडला आणि सवयीनं मेथी दोघींच्या मधोमध ठेवली. यशोदाबाई आपली भाकरी आणि चटणी घेऊन उठली आणि मागच्या पायरीवर जाऊन एकटी जेवली.

बुधवारी मेरिंगची छोटी ऑर्डर आली. झुंबरनं घंगाळ घासलं, मीठ लावून, लिंबानं, कढत पाण्याचे तीन हात देऊन. कोऱ्या फडक्यानं पुसलं आणि दोन्ही हातांनी यशोदाबाईपुढं धरलं. घंगाळ स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ ते कधीच नसेल.

यशोदाबाईनं ते घेतलं आणि नळापाशी गेली. झुंबरनं घासलेलं ते घंगाळ तिनं पाण्यानं भरलं, ओतून दिलं, पुन्हा विसळलं, आणि झुंबरच्या फडक्यानं नाही, तर स्वतः धुऊन आणलेल्या वेगळ्या फडक्यानं पुसून काढलं. वळली तेव्हा झुंबर तिथंच उभी होती, हातात लिंबाची साल घेऊन. तिला पहिल्या दिवशीचा तो स्टीलचा पेला आठवला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

यशोदाबाईनं ते बघितलं. पाटावर बसली आणि पहिलं अंडं कपात फोडलं.